सकाळच्या पाच बातम्या: मर्यादा चुकतेय की निवड?

अडतकट्टा
नऊ ठिकाणांची फीड निवडून ठेवलीत: दोन वर्तमानपत्रं, केंद्र सरकारची प्रसिद्धिपत्रकं देणारी पीआयबी, रिझर्व्ह बँक, साखर धंद्याचं एक साप्ताहिक पत्र, शेतीवरचे दोन ब्लॉग, पायथनचा एक ब्लॉग आणि एक मासिक पत्र. रोज साडेसहाला त्यातल्या फक्त पाच गोष्टी मेलने येतात. बाबा मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला निघायच्या आत चहाबरोबर आम्ही दोघं त्या वाचतो. पण हल्ली पाचही बातम्या एकाच पेपरच्या येतात. मित्र म्हणतो मर्यादा पंधरा कर. मला पाचच हव्यात. कुणाचं बरोबर?

रंकाळा_पहाटे
तो मित्र मीच. भावा, नऊ ठिकाणांहून माल येतोय आणि दार पाचाचंच, मग गर्दी होणारच की. पंधरा कर, नको ते बोटानं सरकव. पाच मिनिटं जास्त जातील, काय बिघडलं? एवढं मोजून मापून बातम्या वाचणारा अख्ख्या कोल्हापुरात तू एकटाच असशील.

कात्रणवाली
मी एका कार्यालयात बरीच वर्षं साहेबांसाठी कात्रणं काढायचं काम केलं, तेव्हा या प्रश्नाशी जुनी ओळख आहे. पंधरा केलेत तर त्याच पेपरच्या पंधरा येतील, आत्ताच लिहून ठेवा. तीन गोष्टी सांगा. पाच निवडताना क्रम कशावर लागतो? फीड दिवसातून किती वेळा आणता? आणि त्या पेपरच्या एखाद्या बातमीतली तारखेची ओळ जशीच्या तशी इथे टाका.

अडतकट्टा
क्रम तारखेवर, सर्वांत नवीन आधी. फीड एकदाच आणतो, मेल जायच्या पाच मिनिटं आधी. परवाची ओळ ही:

```
<pubDate>Tue, 09 Sep 2025 06:10:00 GMT</pubDate>
```

कात्रणवाली
सापडलं. सकाळी साडेसहाच्या मेलमध्ये ही बातमी आली आणि तिच्यावर वेळ आहे ६:१० जीएमटी. म्हणजे आपल्या घड्याळात ११:४०. बातमी पाच तास पुढची कशी असेल? त्या पेपरची यंत्रणा वेळ भारताची लिहिते आणि शेपटाला GMT चिकटवते. त्यामुळे त्यांची प्रत्येक बातमी साडेपाच तासांनी तरुण दिसते. नवीन आधी लावलं की रांगेत पहिला नंबर कायम त्यांचाच. रिझर्व्ह बँकेनं आदल्या संध्याकाळी काढलेलं परिपत्रक त्यांच्या पुढे कधीच जाणार नाही, तुम्ही मर्यादा कितीही वाढवा.

ओळखायची खूण सोपी आहे: फीड आणल्या क्षणी ज्या बातमीची वेळ ‘आत्ता’च्या पुढे असेल, तिच्या तारखेवर भरवसा ठेवायचा नाही. त्याहून बरं म्हणजे कुणाच्याच तारखेवर क्रम लावू नका. आरएसएसमध्ये pubDate सक्तीचं नाहीच, काही ब्लॉग ते देतच नाहीत. तुमच्या यंत्राला ती नोंद पहिल्यांदा कधी दिसली, ती वेळ लिहून ठेवा आणि तीच खरी धरा.

पण त्यासाठी दिवसातून एकदा आणून भागणार नाही. बहुतेक वर्तमानपत्रांच्या फीडमध्ये शेवटच्या ठराविक नोंदीच असतात, नवीन आत आली की जुनी खाली गळते. सकाळी साडेसहाला फीड उघडलंत तर काल दुपारची बातमी तिथे नसतेच. तुम्हाला वाटतं पाच बातम्या दिवसभरातून निवडल्या, प्रत्यक्षात त्या रात्रीच्या बदाबद टाकलेल्या ढिगातून येतात. त्या फीडमधली सर्वांत जुनी नोंद किती तासांची आहे ते एकदा पाहा. चोवीस तासांपेक्षा कमी निघाली तर मधलं सगळं तुमच्या हातून जातंय. दर तासाला आणा, सगळं एका छोट्या sqlite फाइलीत साठवा, आणि पाच निवडायचं काम तेवढं सकाळी करा.

कोडवाला_शिवाजीपेठ
एवढं कशाला ताई? प्रत्येक ठिकाणाहून जास्तीत जास्त एक, संपला विषय. पेपरनं तारखेत काहीही गोंधळ घालू दे, त्याला जागा एकच. परत परत येणारी बातमी लिंकवरून ओळखायची, तीच लिंक दिसली की टाळायची.

कात्रणवाली
एकाला एक हे बरोबर, तिथे माझं काही म्हणणं नाही. पण ठिकाणं नऊ आणि जागा पाच, मग कोणते चार बाहेर बसणार ते कोण ठरवणार? तुम्ही पुन्हा तारखेवरच याल.

लिंकचं मात्र जपून. पत्रांच्या लिंकांना utm_source वगैरे शेपट्या असतात आणि त्या बदलतात, म्हणजे जुनाच लेख नवा होऊन येतो. आधी नोंदीची ओळखखूण guid पाहा, अ‍ॅटम फीड असेल तर id, ते नसेल तरच लिंक, आणि तीही utm ची शेपटी कापून. काही पेपर मथळा सुधारला की guid पण बदलतात, तिथे इलाज नाही, तेवढी एक जागा अधूनमधून वाया जाणार.

कोडवाला_शिवाजीपेठ
मान्य, चार बाहेर कोण हा प्रश्न राहतो. मग असं करू: ज्या फीडला मेलमध्ये जागा मिळून सर्वांत जास्त दिवस झाले, त्याचा नंबर पहिला. प्रत्येकाला किती महत्त्व द्यायचं याचे आकडे ठरवत बसायला नको.

```python
picked = []
for feed in sorted(feeds, key=lambda f: f.last_shown):
    if feed.waiting and len(picked) < 5:
        picked.append(feed.waiting.pop())
        feed.last_shown = today
```

कात्रणवाली
हे छान आहे, माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. महिन्याला एकदाच येणारं पत्र ज्या दिवशी येईल त्या दिवशी आपोआप पहिलं लागेल, आणि रोज ढीग टाकणारा पेपर उरलेल्या जागेत बसेल. एकच पाहा, pop() शेवटची नोंद काढतो, म्हणजे यादी जुन्याकडून नव्याकडे लावलेली हवी.

आणि waiting रिकामं असलेल्या फीडच्या जागी दुसऱ्या कुणाची आणखी एक बातमी भरू नका. एखाद्या दिवशी तिघांकडेच नवं असेल तर मेलमध्ये तीनच जाऊ देत.

रंकाळा_पहाटे
म्हणजे आता पाचाचेही तीन झाले 😄 मी पंधरा म्हणालो, तुम्ही उलट्या दिशेनं निघालाय.

निवृत्त_काका
मुळातच पटत नाही. बँकेत होतो, रोज तीन पेपर पहिल्या पानापासून निधन वार्तांपर्यंत वाचायचो. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी निवडून पाठवलेल्या पाच गोष्टी वाचून जग कळतं का? पाठवणारा त्याला हवं तेच पाठवणार.

अडतकट्टा
काका, हे व्हॉट्सअ‍ॅप नव्हे, निवडणारा मीच आहे. ठिकाणंही मीच ठरवलीत. पेपर घरी येतोच, बाबा तो दुपारी वाचतात.

निवृत्त_काका
बरं, तूच निवडतोस. मग जे गळलं ते काय होतं हे तुला कसं कळणार? पेपरात नको असलेली बातमी निदान नजरेखालून तरी जाते.

कात्रणवाली
काकांचा हा मुद्दा खरा आहे, त्याला हसू नका. मी कात्रणं काढायची तेव्हा न लावलेल्या कात्रणांची नुसती मथळ्यांची यादी मागच्या पानावर असायची. साहेब ती क्वचित बघत, पण बघत. तुम्हीही रविवारच्या मेलच्या तळाशी आठवडाभरात मागे राहिलेल्यांचे मथळे टाका, बिनलिंकचे. एखाद्या फीडचं सगळंच मागे राहतंय असं दिसलं तर ते फीड काढून टाकायची वेळ झाली. दैनिकांच्या मागे राहिलेल्या नोंदी दोन दिवसांनी पुसा, मथळे तेवढे रविवारपर्यंत ठेवा. साप्ताहिक आणि मासिक पत्रं मात्र पुसू नका, ती शिळी होत नाहीत.

चिखलीकर
प्रयाग चिखलीचा आहे. तुमचं चालू द्या, पण पावसाळ्यात पंचगंगेची पातळी या पाचात बसणार आहे का? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका. आमच्याकडं आणि आंबेवाडीत तेव्हा जनावरं हलवायची असतात. रात्रीत पाणी चढतंय आणि तुमचा मेल साडेसहाला सांगणार, वर त्या दिवशी मासिक पत्राचा नंबर पहिला म्हणून पाणी सहावं!

कोडवाला_शिवाजीपेठ
नदीचं फीड टाकून त्याला कायम पहिला नंबर द्यायचा.

चिखलीकर
पहिला दिला तरी साडेसहालाच कळणार की. आम्हाला रात्री दोनला कळायला हवं.

कात्रणवाली
चिखलीकरांचं बरोबर आहे. पाणी या मेलमध्ये नकोच. ज्या गोष्टीवर तासाभरात हालचाल करायची असते ती पाचात ठेवणं धोक्याचं, कारण मग माणूस मेलवर विसंबतो. पातळीसाठी वेगळा गजर हवा: आकडा ३९ च्या वर गेला की लगेच फोन वाजला पाहिजे, तिथे मर्यादाही नको आणि वेळही नको.

अडतकट्टा
आता माझी अडचण ऐका. एकाला एक हा नियम एप्रिलच्या शेवटच्या बातम्यांवर चालवून पाहिला, जुने मेल होते. केंद्रानं २०२५-२६ च्या उसाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये जाहीर केली तेव्हा पीआयबीकडून तीच, दोन्ही पेपरांकडून तीच, साखरेच्या पत्रात तीच. पाचातल्या चार जागा एका बातमीला! तारखेनं लावलं असतं तर निदान वेगळं काही आलं असतं.

रंकाळा_पहाटे
म्हटलं नव्हतं? पंधरा असते तर अकरा वेगळ्या मिळाल्या असत्या.

कोडवाला_शिवाजीपेठ
मथळ्यातले शब्द जुळवून बघ. दोन मथळ्यांत निम्म्याहून जास्त शब्द सारखे असले की एकच धरायचं.

कात्रणवाली
मराठीत ते फसतं. एक लिहितो ‘उसाला ३५५ रुपये’, दुसरा ‘ऊसदरात वाढ’. उसाला, ऊस, ऊसदर हे यंत्राला तीन वेगळे शब्द. पीआयबीचं फीड इंग्रजीतलं घेत असाल तर एकही शब्द जुळणार नाही. आकडा जुळवला तर थोडं साधतं, दोन मथळ्यांत ३५५ आला की शंका घ्यायची, पण आकडा नसलेला मथळा निसटतोच. मी असते तर मूळ प्रसिद्धिपत्रक ठेवलं असतं. पेपरची बातमी त्यावरूनच बेतलेली असते, आणि १०.२५ टक्के साखर उताऱ्याची अट मथळ्यात कुणी देत नाही, ती मूळ पत्रकात सापडते. बाबांना गुळाच्या हिशेबात तेच लागेल.

अडतकट्टा
बाबा म्हणतात उलटं. त्यांना पेपरचीच हवी, कारण कारखानदार आणि संघटना काय म्हणाल्या ते पत्रकात नसतं. गुळाला ऊस किती येणार ते त्यावरून कळतं म्हणे.

कात्रणवाली
मग तेही चूक नाही. त्या दिवशी दोन जागा द्या, चार नको. पण हे यंत्र ठरवणार नाही, हाताने करावं लागेल.

अडतकट्टा
दर तासाला आणायचं आणि last_shown दोन्ही चालू केलं. आजच्या मेलमध्ये पायथनचा ब्लॉग, रिझर्व्ह बँक, शेतीचा एक ब्लॉग आणि दोन्ही पेपरची एकेक बातमी आली. भाड्याचा सर्व्हर यूटीसीवर चालतो, म्हणून क्रॉनमध्ये साडेसहासाठी `0 1 * * *` लिहिलंय, कुणी नक्कल केली तर ध्यानात ठेवा.

एक राहिलं. साखरेच्या साप्ताहिक पत्रात आत बारा-तेरा बातम्या असतात. ती एक जागा धरायची की बारा?

कोडवाला_शिवाजीपेठ
एक. एक नोंद, एक जागा.

रंकाळा_पहाटे
बारा! मग सोमवारी सोळा वाचतोस की. माझे पंधरा काय वाईट होते?

निवृत्त_काका
जागा मोजू नका, मिनिटं मोजा. चहा गार होईपर्यंत जेवढं वाचून होतं तेवढं.

कात्रणवाली
काकांशी निम्मी सहमत. पण मिनिटं मोजायला प्रत्येक लेखाची लांबी हवी, आणि बरीच फीड फक्त दोन ओळींचा सारांश देतात. आतला लेख किती लांब ते उघडल्याशिवाय कळत नाही. सोमवारी पत्र एक धरून पाहा आणि बाबा त्यातल्या कितव्या बातमीवर थांबतात ते इथे कळवा.