माहिती अधिकार : 'त्रयस्थ व्यक्तीची माहिती' सांगून नगरपरिषदेने नकार दिला, पुढे काय?

वाटसरू : आमच्या वॉर्डातला सिमेंट रस्ता उखडलाय. त्या कामाचं अंदाजपत्रक, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका आणि अंतिम बिल माहिती अधिकारात मागितलं. उत्तर आलं, "कंत्राटदाराने हरकत घेतल्याने कलम ८(१)(जे) व ११ नुसार माहिती नाकारण्यात येत आहे." पत्र मिळून १२ दिवस झाले. वकील नको, खर्च शंभर रुपयांच्या आत हवा. काय करू?

खडीसाखर : वकीलच लावा. दोन-तीन हजार जातील, पण वकिलाच्या लेटरहेडवर पत्र गेलं की फाईल आपोआप सापडते.

पोचपावती : वकिलाची गरज नाही. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करायचं असतं, तुमच्याकडे १८ दिवस आहेत. जोडपत्र 'ब' भरा, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, मूळ अर्ज आणि नकाराच्या पत्राची झेरॉक्स जोडा. आवक विभागात देऊन पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा. अपिलीय अधिकारी कोण हे नकाराच्या पत्रातच लिहिलेलं असायला हवं. नसेल तर तोही मुद्दा अपिलात घ्या.

खरा मुद्दा कलम ११ चा. ते नकाराचं कारण नाही, ती फक्त विचारणा करण्याची पद्धत आहे. माहिती अधिकाऱ्याने ५ दिवसांत कंत्राटदाराला नोटीस द्यायची, त्याने १० दिवसांत म्हणणं मांडायचं, आणि निर्णय मात्र अधिकाऱ्यानेच घ्यायचा. हरकत आली म्हणून माहिती बंद, असं कायदा म्हणत नाही. शिवाय एमबी कंत्राटदाराने दिलेला कागद नाही. मोजमाप नगरपरिषदेच्या अभियंत्याने घेतलेलं असतं, लांबी-रुंदी-जाडी त्याच्या सहीने नोंदवलेली असते. त्याला कंत्राटदाराची गोपनीय माहिती कसं म्हणणार? बिलावर बँक खातं किंवा पॅन असेल तर कलम १० नुसार तेवढं झाकून बाकीचं द्या, असं अपिलात स्पष्ट लिहा.

उंबरठा : एवढं कशाला? कलम १८ खाली थेट राज्य माहिती आयोगाकडे तक्रार टाका. रोज २५० रुपये, कमाल २५ हजार दंड बसतो. दंडाच्या भीतीने कागद घरी येतील.

पोचपावती : दंडाचे आकडे बरोबर आहेत, वाट चुकीची. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय की कलम १८ च्या तक्रारीवर आयोग माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. तो कलम १९ च्या अपिलातच मिळतो. तक्रारीच्या नादात अपिलाची मुदत गेली तर दंड होईल कदाचित, एमबी मिळणार नाही.

झेंडू : माझंही असंच अडलंय. जुन्या फेरफाराची नक्कल मिळत नाही. हेच जोडपत्र चालेल का?

खडीसाखर : नकलेसाठी आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात साधा नक्कल अर्ज करा. वेगळा धागा काढा बरं, इथे गोंधळ होतो.

उंबरठा : कोर्ट फी स्टॅम्प मिळाला नाही तर पोस्टल ऑर्डर लावा, सगळीकडे चालते.

कासराभर : सगळीकडे नाही. केंद्राच्या कार्यालयात चालते. महाराष्ट्राच्या नियमांत रोख, डीडी, बँकर्स चेक आणि कोर्ट फी स्टॅम्प आहे. पोस्टल ऑर्डरवरून अर्ज परत आला की दिवस वाया.

आणि वैयक्तिक माहितीला सूट देणाऱ्या ८(१)(जे) ला इतकं हलकं घेऊ नका. नोव्हेंबर २०२५ पासून ते बदललंय. पूर्वी सार्वजनिक हिताचा निकष त्याच पोटकलमात होता, आता तिथे नुसती 'वैयक्तिक माहिती' उरलीय. म्हणून अपिलात ८(२) घ्याच. जनहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. तेही मोघम लिहू नका. रस्ता कुठून कुठपर्यंत, कुठे उखडला, खर्च सार्वजनिक निधीतून झाला, हे लिहा.

पोचपावती : मान्य. पण आधी 'ही वैयक्तिक माहितीच नाही' हा मुद्दा ठेवा, ८(२) त्याच्या खाली. उलट केलंत तर ती वैयक्तिक आहे हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं.

खडीसाखर : अपिलीय अधिकारी त्याच इमारतीत बसतो. तो काय वेगळं करणार?

पोचपावती : केलं नाही तरी ती पायरी लागतेच. ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा असतो. नाही दिला किंवा विरोधात दिला तर त्यानंतर ९० दिवसांत आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील, जोडपत्र 'क', पुन्हा २० रुपये. तिथे नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर असते. वेळ मात्र खूप लागतो.

वाटसरू : सगळ्यांचे आभार. वेळाचं वाचून ठरवलं, अपिलात पडत नाही. १० रुपयांचा नवा अर्ज करतो आणि प्रतींऐवजी फाईलचं अवलोकन मागतो. पहिला तास मोफत आहे. एमबीतली जाडी वहीत उतरवून घेतो आणि जिथे रस्ता उखडलाय तिथे टेपने मोजतो.

कासराभर : अवलोकन चांगलंच. हवी ती पानं क्रमांकासह टिपून घ्या, मग तेवढ्याच प्रती २ रुपये पानाने मागता येतील. पण त्याच कलमाखाली तेही नाकारतील. २० रुपयांचं अपील सोबत टाकून ठेवा, दोन्ही एकदम चालतं.

वाटसरू : आधी अर्ज टाकतो. १८ दिवसांत अवलोकनाची तारीख नाही आली तर बघू.

पोचपावती : त्या अर्जाला उत्तर द्यायला त्यांच्याकडे ३० दिवस आहेत. तुमचे १८ तोवर संपलेले असतील.