कपाळ-नाकावरची तेलकट चमक कमी करायची आहे, चेहरा सपाट नको

केतकी_एस: बहिणीच्या साखरपुड्याचा फोटो आहे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून पडल्याने कपाळाच्या मधोमध आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरे चट्टे आलेत. १२ बाय १८ ची प्रिंट काढायची आहे. गिंप वापरते, खर्च शून्य.

शटरवाला: स्किन रिटचिंगचं विकतचं प्लगइन घ्या. मी घेतलंय, एका क्लिकमध्ये काम होतं. पैसे वसूल.

अण्णा_नाशिक: हायलाइट्सचा स्लायडर खाली ओढा, बस.

रंगारी: अण्णा, त्याने चमक राखाडी पडते. तिथे त्वचेचा रंगच उरलेला नाही, नुसता पांढरा आहे.
केतकी, फोटोच्या वर रिकामा लेयर घ्या, त्याचा मोड `Darken only` ठेवा. आयड्रॉपरने चट्ट्याच्या अगदी कडेच्या त्वचेचा रंग उचला. `Sample merged` चालू ठेवा, नाहीतर तो रिकाम्या लेयरमधून रंग उचलू पाहतो. मऊ ब्रश, अपारदर्शकता १५ टक्क्यांच्या आसपास, हलक्या हाताने फिरवत राहा. ब्रशच्या रंगापेक्षा उजळ असलेलंच झाकलं जातं. रंध्रं, भुवया, सावल्या तशाच राहतात. शेवटी लेयरची अपारदर्शकता ५० पर्यंत उतरवा, म्हणजे कपाळाचा उंचवटा परत दिसतो.

मीनल_मेकअप: आधीच टिश्यूने टिपून पावडर लावायला हवी होती. माझ्या नवऱ्यामुलींना मी फोटोआधी हमखास टिपते.

केतकी_एस: मीनलताई, कार्यक्रम होऊन गेलाय :)

शटरवाला: पुढच्या वेळी पोलरायझर लावा. चमक मुळातच जाते.

रंगारी: खिडकीच्या तिरप्या उजेडात फरक पडतो. समोरच्या फ्लॅशला नुसता लेन्सवरचा पोलरायझर पुरत नाही, फ्लॅशवरही फिल्टर लागतो.

अण्णा_नाशिक: माझ्या फोनवर स्लायडरनेच छान होतं. उगाच लेयर कशाला?

केतकी_एस: करून पाहिलं. कपाळ सुरेख झालं. नाकाचा शेंडा मात्र प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसतोय.

रंगारी: तिथे पोत पूर्ण जळलाय, म्हणून नुसता रंग भरला गेला. नाकपुडीजवळची रंध्रं क्लोनने उचलून वेगळ्या लेयरवर ठेवा आणि तो लेयरही अर्धा उतरवा. नाकाच्या दांड्यावरची बारीक उभी रेघ सोडून द्या. ती गेली की नाक चपटं दिसतं. १०० टक्के झूमवर रंगवा, पण निर्णय फोटो पूर्ण दिसेल इतका लहान करून घ्या. लेयरचा डोळा बंद-चालू केल्यावर चेहऱ्याचा आकार बदलल्यासारखा वाटला, तर जास्त झालंय.

शटरवाला: मॅट कागदावर छापा, अर्धी चमक तिथेच मरते.

मीनल_मेकअप: कागद मॅट असला तरी पांढरा चट्टा पांढराच छापला जाणार ना? टिपणं हाच उपाय.

केतकी_एस: रंगारी, आभार. कपाळाचा लेयर ४० वर ठेवला. नाक मात्र मूळ फोटोतलंच राहू देते आहे. बहीण म्हणाली, नथीच्या शेजारी ती चमक तिला आवडते, आणि मलाही पटलं. प्रिंट ग्लॉसीच काढतेय.

रंगारी: ग्लॉसीवर शेंडा जास्त टोचेल. आधी छोटी प्रिंट काढून बघा.