शब्दचर्चा: 'आयगेन'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'रिकरन्स'ला 'आवर्तन' चालेल का?

वेलांटी
पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मराठीत एक टिपण लिहिते आहे. ०, १, १, ३, ५, ११, २१, ४३ ही संख्यांची माळ घेतली आहे. पुढचं पद काढायचा नियम असा: शेवटचं पद अधिक त्याच्या आधीच्या पदाची दुप्पट. हा नियम मॅट्रिक्समध्ये मांडून n व्या पदाचं थेट सूत्र कसं काढायचं, ते मला सांगायचं आहे. मी लिहिलं, "या आवर्तन संबंधाची मॅट्रिक्स लिहा आणि तिची लाक्षणिक मूल्ये काढा." भाच्याला वाचायला दिलं, तर त्याने विचारलं, "लाक्षणिक म्हणजे नावापुरती का? लाक्षणिक उपोषणासारखी?" तेव्हापासून अडले आहे. 'आयगेन'साठी 'लाक्षणिक' आणि 'रिकरन्स'साठी 'आवर्तन', या दोन्ही शब्दांबद्दल मतं हवी आहेत.

कानामात्रा
आवर्तनासाठी मॅट्रिक्स कशाला? ०.७७७... घ्या, त्याला x म्हणा. 10x म्हणजे ७.७७७... वजाबाकी केली की 9x = 7. शाळेत अखंड आवर्ती दशांश आपण असेच सोडवत होतो की.

वेलांटी
तो आवर्ती दशांश झाला. तिथे तेच अंक पुन्हा पुन्हा येतात. माझ्या माळेत अंक परत येत नाहीत, नियम परत लागू होतो.

कानामात्रा
अच्छा, मग मी वेगळाच प्रश्न सोडवत बसलो. पण मी चुकलो तो तुमच्या शब्दामुळे, हेही लक्षात घ्या. तालाचं आवर्तन म्हटलं की समेवर परत यायचं. कालव्याच्या पाण्याचं आवर्तनसुद्धा फिरून येतं. तुमची माळ तर फक्त वाढत जाते.

अनुस्वार
कानामात्रा यांचा आक्षेप मला पटतो. 'पुनरावर्ती' म्हटलं तरी मूळ अडचण तीच राहते. मी वर्गात 'मागच्या पदांवरून पुढचं पद' असं सरळ सांगते आणि शब्द नंतर देते. गंमत अशी की याच माळेत खरं आवर्तनही आहे. पहिलं शून्य सोडून फक्त एकक स्थानचे अंक लिहा: १, १, ३, ५, १, १, ३, ५... चार पावलांनी तेच अंक फिरून येतात. म्हणून 'आवर्तन' हा शब्द मी या दुसऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवीन.

'आयगेन'कडे वळण्याआधी तो शब्द इथे काय काम करतो ते पाहू. शेजारची दोन पदं एकत्र धरली की त्यांचा एक सदिश होतो, आणि एक पाऊल पुढे टाकणं म्हणजे त्याला मॅट्रिक्सने गुणणं:

```
[ a(n+1) ]   [ 1  2 ]   [ a(n)   ]
[ a(n)   ] = [ 1  0 ] × [ a(n-1) ]
```

वरच्या ओळीत तुमचा नियम आहे. खालची ओळ फक्त 'आताचं पद जपून ठेव' एवढंच सांगते. आता (१, १) ला गुणा, (३, १) मिळेल. पुन्हा गुणा, (५, ३). दर वेळी दिशा थोडी वळते. पण (२, १) ला गुणून बघा: (४, २). दिशा तीच राहिली, लांबी दुप्पट झाली. (-१, १) ला गुणलं की (१, -१), म्हणजे रेषा तीच, फक्त उलटी. या दोन रेषा या मॅट्रिक्सच्या स्वतःच्या आहेत. जर्मन भाषेत 'आयगेन' म्हणजे 'स्वतःचा', आणि हिल्बर्टने १९०४ मध्ये तो शब्द याच अर्थाने वापरला. लाक्षणिक, अभिलक्षणिक हे शब्द 'कॅरॅक्टरिस्टिक'वरून आले. ती या कल्पनेची दुसरी वाट आहे. त्यात 'ओळखीची खूण' हा भाव येतो, 'स्वतःची दिशा' हा येत नाही.

रफार
एवढा घाट घालायची गरजच नाही. a(n) च्या जागी r^n ठेवा. r² = r + 2 हे वर्गसमीकरण मिळतं, त्याची मुळं २ आणि -१. उत्तर दोन घातांची बेरीज, गुणक पहिल्या दोन पदांवरून काढायचे. संपलं. 'आयगेन' हे मुळांचंच भारदस्त नाव आहे. 'मूळ' हा शब्द मराठीत रुळलेला असताना दुसरा शोधायचा कशाला?

अनुस्वार
आकडे तेच येतात, हे बरोबर. या मॅट्रिक्सचं समीकरण तुमचंच वर्गसमीकरण आहे, आणि दोन पदांच्या नियमाला तुमची रीत जवळचीही आहे. पण r^n ठेवायचं हे कुणाला आणि का सुचावं? (२, १) कडे परत पाहा. १, २, ४, ८ ही भूमिती श्रेढी एक घर पुढे सरकवली तर तीच श्रेढी दुप्पट होऊन मिळते. म्हणजे सरकवण्याच्या क्रियेची ही स्वतःची श्रेढी. (-१, १) वरून १, -१, १, -१ मिळते, तीही तशीच. तुमच्या युक्तीचं कारण हे आहे, आणि 'मूळ' या शब्दात ते दिसत नाही.

मग आपल्या माळेची सुरुवात या दोन रेषांवर वाटून द्यायची. सुरुवातीचा सदिश (१, ०), म्हणजे आधी १ आणि त्याखाली ०. तो (२, १) चा एक तृतीयांश वजा (-१, १) चा एक तृतीयांश आहे, पडताळून पाहा. दर पावलाला पहिला भाग दुप्पट होतो, दुसऱ्याचं चिन्ह बदलतं. n पावलांनंतर खालचा घटक वाचला की

```
a(n) = (2^n - (-1)^n) / 3
```

n = 10 ठेवलं तर १०२३ भागिले ३, म्हणजे ३४१. हाताने पुढे गेलात तरी ८५, १७१, ३४१ असंच येतं.

रफार
मान्य. तरी शेवटी घातांची बेरीजच झाली. कुठलाही असा नियम द्या, उत्तर याच साच्यात बसतं.

अनुस्वार
हे 'कुठलाही' मात्र खरं नाही. नियम घ्या: शेवटच्या पदाची चौपट वजा आधीच्या पदाची चौपट. सुरुवात १, ४. माळ होते १, ४, १२, ३२, ८०. समीकरण r² = 4r - 4, मूळ २, दोनदा. आता घातांची बेरीज म्हणजे कुठला तरी गुणक गुणिले 2^n, एवढंच हाती राहतं. पहिल्या पदावरून तो गुणक १ ठरतो आणि मग दुसरं पद २ यायला हवं. इथे तर ४ आहे. बसत नाही.

का बसत नाही, ते मॅट्रिक्समध्ये स्पष्ट दिसतं. तिला स्वतःची रेषा एकच आहे, (२, १) ची. (४, १) पासून निघालेला सदिश दोन रेषांवर वाटायचा, तर दुसरी रेषाच नाही. तिची उणीव n ने गुणलेलं एक पद भरून काढतं, आणि खरं उत्तर येतं (n + 1) × 2^n. आकड्यांवरूनही शंका घेता येते. लगतच्या पदांचं गुणोत्तर पाहा: ४, ३, २.६७, २.५. ते २ कडे जातं आहे, पण फार रेंगाळत. वेलांटीच्या माळेत ३, १.६७, २.२, १.९१, २.०५ असं भराभर जवळ येतं, कारण तिथला चुकीचा भाग दर पावलाला निम्मा होतो. रेंगाळणारं गुणोत्तर दिसलं तर दोन मुळं सारखी आहेत का, निदान अगदी जवळजवळ आहेत का, ते तपासा.

उकार
शब्दांतलं मला फारसं कळत नाही, पण यावरून माझी एक जुनी डोकेदुखी आठवली. प्रोग्रॅम लिहिताना असा नियम होता: पुढचं पद म्हणजे शेवटच्याचे 10/3 पट वजा त्याआधीचं. सुरुवात १ आणि 1/3. कागदावर पदं १, 1/3, 1/9, 1/27 अशी लहान होत जायला हवीत. प्रोग्रॅममध्ये दहा-बारा पदं ठीक आली, विसाच्या आसपास सगळं बिघडलं आणि मग आकडे मोठे मोठे होत गेले. कोड दहा वेळा तपासला, चूक सापडली नाही. शेवटी पदं थेट 1/3 च्या घातांनी काढली आणि पुढे गेलो. कारण आजवर कळलेलं नाही.

अनुस्वार
कोड बरोबरच असणार. तुमच्या मॅट्रिक्सची मूल्यं ३ आणि 1/3. बेरीज 10/3, गुणाकार १, म्हणून नियम तसा दिसतो. तुमची सुरुवात नेमकी 1/3 च्या रेषेवर होती. पण संगणकात 1/3 पूर्ण मावत नाही, साधारण सोळाव्या अंकानंतर तुटतं. त्या तुटीमुळे सदिश आपल्या रेषेवरून केसभर ढळतो आणि ३ च्या रेषेवर त्याचा बारीकसा भाग पडतो. दर पावलाला खरं उत्तर एक तृतीयांश होतं आणि तो बारीक भाग तिप्पट होतो, म्हणजे दोघांतलं अंतर नऊ पटींनी घटतं. सोळा-सतरा शून्यांचा फरक नऊ-नऊ पटींनी खायला सतराअठरा पावलं पुरतात. बिघाडानंतर लगतच्या पदांचं गुणोत्तर ३ येत असेल, तर कारण हेच.

उकार
तिप्पटच होत होते! मला वाटलं होतं, कुठे तरी चुकून ३ ने गुणलं जातंय.

कानामात्रा
हे वाचून मला 'स्व' पटायला लागला. पण 'स्वमूल्य' लिहू नका. मुलं ते स्वतःची किंमत ओळखा अशा अर्थाने वाचतील. 'निजमूल्य' कसं वाटतं? निजरूप, निजधाम आहेतच.

रफार
'निज' म्हटलं की अर्ध्या वर्गाला झोप आठवेल. मी अजून 'मूळ'वरच आहे, हवं तर त्याला विशेषण लावा. सिल्व्हेस्टरनेही १८८३ मध्ये या मूल्यांना मुळंच म्हटलं होतं, 'लेटंट रूट', म्हणजे सुप्त मुळं. पाण्यात वाफ किंवा तंबाखूच्या पानात धूर दडलेला असतो, तशी ती मॅट्रिक्समध्ये दडलेली असतात, असा दाखलाही दिला होता. 'सुप्त मूळ' मराठीत किती सहज बसतं.

अनुस्वार
संख्येसाठी 'सुप्त मूळ' छान आहे, आवडलं. पण रेषेसाठी काय म्हणाल? 'सुप्त सदिश' म्हटलं तर 'दिशा बदलत नाही' हे हरवतं. माझा कल असा: सदिशाला 'स्वदिश', आणि संख्येला 'स्वदिशेची पट'. दुसरा लांब आहे, पण २ आणि -१ या पटीच आहेत, हे लगेच कळतं.

वेलांटी
वाक्य बदललं. आता असं आहे: "मागच्या दोन पदांवरून पुढचं पद देणारा हा नियम मॅट्रिक्समध्ये मांडा. ज्या दिशा तिने गुणल्यावर वळत नाहीत, त्या शोधा. त्या तिच्या स्वदिशा. प्रत्येक स्वदिशेवर सदिश किती पट होतो ते लिहा." पुढच्या पानावर मात्र 'आयगेनव्हॅल्यू' हा शब्दही देणार आहे, कारण परीक्षेत आणि प्रोग्रॅममध्ये त्यांना तोच भेटेल.

रफार
स्वदिशा की स्वदिश? अनुस्वारांनी सदिशासाठी 'स्वदिश' दिला होता, तुम्ही त्याची दिशा केलीत. (२, १) आणि (४, २) हे सदिश दोन आहेत, दिशा एकच. आणि (-१, १) चं गुणल्यावर (१, -१) होतं. 'वळत नाही' म्हणता, पण ते तर पूर्ण उलट फिरलं.

वेलांटी
खरंच की. मग 'रेषा' लिहू का? 'ज्या रेषा जागच्या हलत नाहीत'?

अनुस्वार
रेषा चालेल, इथे तरी. पण मूल्यं वास्तव संख्या नसली की कागदावर तशी रेषाच काढता येत नाही. 'शेवटच्या पदातून आधीचं पद वजा' हा नियम घ्या, सुरुवात ०, १. माळ ०, १, १, ०, -१, -१, आणि सहा पावलांनी पुन्हा तेच. तिथे प्रत्येक सदिश वळतो, एकही रेषा जागेवर राहत नाही.

कानामात्रा
म्हणजे हे खरंखुरं आवर्तन झालं!