अनुभव धागा: पहिल्यांदाच उत्सवाची धुरा हाती आली तेव्हा

माहेरवाशीण_दारव्हा
यंदाच्या भागवत सप्ताहाची पत्रिका माहेरहून आली आणि काही वर्षांपूर्वीचा काल्याचा दिवस आठवला. त्या वर्षी आमच्या गावी नियोजन प्रथमच माझ्या चुलतभावाकडे आले होते. वर्गणी, मंडप, आचारी, किराणा, वाढपी यांची त्याने वही केली होती. पाणी गावाबाहेरच्या विहिरीवरून ट्रॅक्टरच्या टँकरने आणायचे ठरले. सप्ताह बसला त्या सोमवारी भरदुपारी त्याने मोटार लावून पाहिली, पाच हजार लिटरचा टँकर अर्ध्या तासात भरला आणि वहीत त्या कामापुढे खूण झाली.

मोटार शेतीच्या फिडरवर होती, आणि त्या वेळी आमच्या फिडरवर थ्री फेज वीज आठवड्यातले तीन दिवस दिवसा व चार दिवस रात्री येत असे. सप्ताहाच्या मध्येच पाळी बदलली. काल्याच्या सकाळी टँकर विहिरीवर पोहोचला तेव्हा रात्रीची वीज नुकतीच बंद झाली होती, नळाला त्या दिवशी पाणी नव्हते आणि दीड हजार माणसे जेवायची होती. अखेर शेजारच्या शेतातील काकाजींचे डिझेल इंजन मिळाले, परंतु त्याचा फूटव्हॉल्व्ह गळत असल्याने पाइपात पुन्हा पुन्हा पाणी ओतावे लागले आणि पंगत बरीच उशिरा बसली. आपापले अनुभव लिहावेत.

पुसदचा_पाहुणा
मंडपात ध्वनिक्षेपकासाठी जनरेटर असेलच. तोच विहिरीवर नेला असता तर इंजनाची खटपट वाचली असती.

निवृत्त_वायरमन
भाऊ, कल्पना योग्य आहे, पण तो जनरेटर चालणार नाही. मंडपातला संच बहुधा लहान आणि सिंगल फेज असतो. पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्यामुळे लहान संच तिथेच दबून बंद पडतो. पंधरा केव्हीएच्या आसपासचा थ्री फेज संच भाड्याने आणला तर काम होते, मात्र तो आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो.

ओलित_रात्रीचे
आमच्याकडे कपॅसिटर लावून सिंगल फेजवरही मोटार चालवतात.

निवृत्त_वायरमन
चालवतात, आणि वाइंडिंग जाळूनही घेतात. शिवाय ट्रान्सफॉर्मरवर भार येतो तो वेगळाच. पाळीचे वेळापत्रक उपकेंद्रावर मिळते, पण ते ऐन वेळी बदलू शकते. म्हणून ज्या शेतकऱ्याला त्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायचे आहे त्याला विचारावे. रात्री जागायचे की दिवसा, हे त्याच्याइतके पक्के कोणालाच ठाऊक नसते. सोमवारची चाचणी मोटार चांगली आहे एवढेच सांगत होती, काल्याच्या दिवशी वीज असेल हे सांगत नव्हती.

वर्धेकर_काकू
आमच्या गावीही कीर्तनाच्या मध्येच वीज गेली होती. महाराजांनी माइक बाजूला ठेवून असा आवाज लावला की मागच्या रांगेतील पेंगणारी मंडळी खडबडून जागी झाली. जेवणाला मात्र काहीच अडचण आली नाही, कारण आमच्याकडे रोडगे होते आणि ते गोवऱ्यांवरच भाजतात.

माहेरवाशीण_दारव्हा
काकू, आमच्याकडेही चूल लाकडांचीच होती, अडले ते पाण्यावाचून. रोडग्यांची कणीक मळायला आणि वरण शिजवायलाही पाणी लागतेच. खरे म्हणजे शिजवण्यापेक्षा पिणे, हात धुणे आणि भांडी घासणे यांतच अधिक पाणी जाते. भावाने तो पहिला टँकर केवळ स्वयंपाकाला दिला, पिण्यासाठी घरोघरचे माठ व गुंड मागवले आणि पत्रावळी असल्यामुळे ताटे धुण्याचे काम उरले नाही.

आशाताई_दिग्रस
आदल्या रात्री वीज असतानाच टँकर भरून ठेवावा, हे सर्वांत सोपे. परंतु कित्येकदा हाच टँकर आदल्या दिवशी फवारणीच्या पाण्यासाठी वापरलेला असतो, हे कोणी विचारत नाही. असा टँकर पिण्याच्या पाण्याला नकोच. टँकर स्वच्छ असला तरी विहिरीच्या पाण्यात टीसीएल टाकून किमान अर्धा तास थांबावे लागते. घाईच्या वेळी हीच अर्ध्या तासाची अट गाळली जाते.

पुसदचा_पाहुणा
मग त्या दिवशी टीसीएल टाकले होते का?

माहेरवाशीण_दारव्हा
स्वयंपाकाचे पाणी उकळले जाणार म्हणून त्यात टाकले नाही. दुसऱ्या टँकरचे मला नक्की सांगता येणार नाही. भावाला विचारून लिहिते.

ओलित_रात्रीचे
काकाजींना डिझेलचे पैसे दिले की नाही, तेही विचारा. आमच्या गावात अशाच कारणाने दुसऱ्या वर्षी इंजन मिळाले नव्हते.

माहेरवाशीण_दारव्हा
ते मात्र ठाऊक आहे. वर्गणीच्या हिशेबात डिझेलचा रकाना नसल्यामुळे समितीत पुष्कळ वाद झाला, आणि शेवटी ती रक्कम किराण्याच्या खात्यात दाखवली गेली. नवा फूटव्हॉल्व्ह कोणी द्यायचा, यावर आजही दोन मते आहेत.