‘रीसेट डोमेन क्रॉसिंग’ला मराठीत काय म्हणावे?

पैलतीर

चिप-रचनेवरील एका प्रशिक्षण-पुस्तिकेचे मी मराठीत भाषांतर करत आहे. ‘रीसेट डोमेन क्रॉसिंग’साठी मी ‘रीसेट-क्षेत्र-उल्लंघन’ असे लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्या अभियंत्याने समासात शेरा मारला की, ‘उल्लंघन कोणी केले? रीसेट तर आपल्या हद्दीतच राहिला.’

पुस्तिकेतले उदाहरण असे आहे. अ आणि ब हे दोन्ही विभाग 100 मेगाहर्ट्झच्या एकाच घड्याळावर चालतात. वॉचडॉग मात्र 32 किलोहर्ट्झच्या वेगळ्या घड्याळावर चालतो आणि अ विभाग अडकला की फक्त त्यालाच रीसेट करतो. बिघाड होतो तो ब विभागात. हे नेमके दाखवणारा शब्द हवा आहे.

उंबरठा

‘उल्लंघन’ या शब्दात नियम मोडल्याचा ठपका येतो, म्हणून तो टाळावा हे बरोबर आहे. पण ‘सीमोल्लंघन’ घेतले तर? दसऱ्याला आपण गावाची वेस ओलांडतो, त्यात गुन्हा नसतो. मूळ धातू ‘लङ्घ्’ म्हणजे ओलांडून जाणे. जेवणाची वेळ ओलांडून पुढे जाणे ते ‘लंघन’, असा संबंध मी लावतो. ‘रीसेट’लाही ‘मूळपदावर आणणे’ हा आपला चांगला वाक्प्रयोग असताना परका शब्द का ठेवावा, हे मला समजत नाही.

गोदाकाठ

आमच्या शेतातील ठिबक सिंचनाच्या नियंत्रकात हाच दोष होता. विहिरीवरची मोटार सुरू झाली की नियंत्रक आपोआप रीसेट होई. शेवटी रीसेटच्या तारेवर संधारित्र बसवल्यावर ते थांबले. आम्ही त्याला ‘खोटा रीसेट’ म्हणत असू. तो शब्द येथे चालेल का?

फ्लॉपवाले

गोदाकाठ, आपला अनुभव खरा आहे, पण तो दोष वेगळा. तेथे नको असलेला रीसेट आला होता. येथे रीसेट खरा आहे, हवा तेव्हाच आला आहे आणि अ विभागात त्याने आपले काम चोख केले आहे. गफलत शेजारी होते.

शब्द ठरवण्यापूर्वी घडते काय ते पाहू.

```
always @(posedge clk or negedge rst_a_n)
  if (!rst_a_n) req <= 1'b0;
  else          req <= next_req;

always @(posedge clk or negedge rst_b_n)
  if (!rst_b_n) state <= 3'b001;
  else          state <= next_state;
```

`req` अ विभागात आहे, `state` ब विभागात आहे आणि `next_state` हे `req` वर अवलंबून आहे. एरवी `req` घड्याळाच्या ठोक्यानंतरच बदलते, त्यामुळे पुढच्या ठोक्यापर्यंत ते ब विभागात पोहोचून स्थिर झालेले असते. `rst_a_n` मात्र ठोक्याची वाट पाहत नाही. तो खाली येताच `req` तत्क्षणी शून्य होते आणि हा बदल ब विभागात कोणत्याही क्षणी येऊन थडकतो. ठोक्याचे अंतर 10 नॅनोसेकंद आहे. ठोक्याच्या आगेमागे मिळून 0.15 नॅनोसेकंद माहिती स्थिर हवी, असे समजा. मग साधारण 67 रीसेटांमागे एक रीसेट नेमका त्या फटीत सापडेल. सापडला की प्रत्येक वेळी बिघडेलच असे नाही, पण तेव्हा फ्लॉप शून्य आणि एक यांच्या मध्येच रेंगाळू शकतो.

मी प्रत्यक्ष पाहिलेला बिघाड याहून साधा होता. `state` मध्ये तीनपैकी एकच बिट एक असे: वाट पाहताना `001`, काम चालू असताना `010`. काम चालू असताना `req` पडले की दुसऱ्या बिटाने शून्य व्हायचे आणि पहिल्याने एक. दोन्ही बिटांपर्यंतच्या तारांची लांबी सारखी नव्हती. `req` पडल्याचे दुसऱ्या बिटाला ठोक्याच्या आधी कळले, पहिल्याला ठोका होऊन गेल्यावर. परिणामी `000`. त्या स्थितीतून बाहेर पडण्याची वाटच आम्ही लिहिलेली नव्हती. वॉचडॉगच्या रीसेटनंतर क्वचित बोर्ड गप्प होई. वीज बंद करून सुरू केली की ठीक, कारण तेव्हा दोन्ही विभाग एकत्र रीसेट होत. या फरकावरूनच आम्हाला माग लागला.

ध्रुवपद

एवढे कशाला? `rst_a_n` दोन फ्लॉपांमधून 100 मेगाहर्ट्झच्या घड्याळाशी जुळवून घ्यावा. प्रत्येक चिपमध्ये तसे करतातच. शिवाय दोन्ही विभागांचे घड्याळ एकच असल्यामुळे येथे ‘डोमेन’ दोन आहेत असे म्हणणेच चुकीचे आहे.

फ्लॉपवाले

ती नेहमीची जोडणी रीसेट सुटताना उपयोगी पडते. सुटणे ठोक्याशी जुळते, पण लागणे पूर्वीसारखेच अवेळी राहते, आणि आपला बिघाड लागतानाचा आहे. लागणेही ठोक्याशी जुळवता येते, पण मग घड्याळच थांबले असेल तर रीसेट लागणारच नाही, आणि वॉचडॉग तर अशाच प्रसंगासाठी ठेवलेला असतो.

घड्याळ एक असले तरी रीसेट दोन आहेत, म्हणून क्षेत्रेही दोन. घड्याळे एकच दिसल्यामुळे घड्याळ-क्षेत्रांची तपासणी येथून बिनधास्त पुढे जाते. नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये तारांना विलंब नसतो, त्यामुळे दोन्ही बिट एकदमच बदलतात आणि सर्व काही सुरळीत दिसते.

आम्ही उपाय केला तो क्रमाचा. ब कडे जाणाऱ्या `req` वर एक अँड गेट बसवले. वॉचडॉगचा इशारा आला की आधी ते गेट, घड्याळाच्या ठोक्याशी जुळवून, बंद करायचे, आठ ठोके म्हणजे 80 नॅनोसेकंद थांबायचे आणि मगच अ ला रीसेट द्यायचा. गेट बंद होताना ब ला `req` पडल्याचे दिसते, पण ते ठोक्याशी जुळलेले असते.

उंबरठा

म्हणजे फ्लॉप मध्येच रेंगाळतो ती ‘त्रिशंकू’ अवस्था. हा शब्द तरी मराठी वाचकाला लगेच कळेल.

पैलतीर

त्रिशंकू कायमचा लटकला. हा फ्लॉप थोड्या वेळाने कोणत्या तरी एका बाजूला पडतोच, फक्त कोणत्या ते सांगता येत नाही. मी ‘अधांतरी’ लिहिले आहे.

फ्लॉपवाले

‘अधांतरी’ मला पटते. मूळ शब्दाबद्दल सांगायचे तर, ‘क्रॉसिंग’ होते ते `req` च्या माहितीचे. रीसेट हद्दीत राहतो आणि पलीकडे पोहोचते ती त्याची झळ. म्हणून ‘परक्या रीसेटची झळ’ म्हणावे असे मला वाटते.

उंबरठा

‘झळ’ सुंदर आहे, पण पारिभाषिक शब्दाची सामासिक रूपे व्हायला हवीत. ‘झळ-तपासणी’ म्हटल्यावर काय कळेल? ‘प्रांत’ हा गणितातील रूढ शब्द घेऊन ‘मूळपद-प्रांतांतर’ असे करावे.

ध्रुवपद

कामावर कोणीही ‘मूळपद-प्रांतांतर’ म्हणणार नाही. आम्ही दिवसभर ‘आरडीसी’ म्हणतो. पुस्तिका वाचणाऱ्या मुलाला उद्या तपासणीच्या अहवालात हेच शब्द दिसणार आहेत, मग ते देवनागरीत जसेच्या तसे का लिहू नयेत?

उंबरठा

मग भाषांतराची गरजच उरली नाही.

ध्रुवपद

गरज आहे ती समजावून सांगण्याची, आणि ते वर मराठीतच झाले आहे. जोडणीबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेतो. पण एक शंका आहे. गेट बंद करण्याचा आदेश घड्याळाच्या ठोक्यावर चालतो आणि आठ ठोके मोजायलाही घड्याळ लागते. ज्या प्रसंगी घड्याळ थांबले म्हणूनच वॉचडॉग जागा झाला, तेव्हा गेट बंद कोण करणार?

फ्लॉपवाले

घड्याळ खरोखर थांबले असेल, तर त्या क्षणी ब चे फ्लॉपही काही टिपत नाहीत. धोका घड्याळ पुन्हा सुरू होताना किंवा अडखळत चालताना असतो. आम्ही वॉचडॉगच्याच घड्याळावर मुदत ठेवली होती: दोन ठोक्यांत, म्हणजे सुमारे 62.5 मायक्रोसेकंदांत, गेट बंद झाल्याची पोच आली नाही, तर अ आणि ब दोघांनाही एकत्र रीसेट द्यायचा. पण मग ब ची झळ क ला लागते, आणि आमच्या चिपमध्ये क हा विभाग कधीच रीसेट न होणारा होता. तेथे आम्ही `000` मधून परत `001` कडे येण्याची वाट लिहिली आणि थांबलो.

पैलतीर

क विभागाचे चित्र पुस्तिकेतही आहे आणि त्याखाली फक्त ‘नेहमी चालू’ असे लिहिले आहे. त्या मजकुरात `000` च्या वाटेचा उल्लेख नाही. तो घालावा का, हे त्या अभियंत्याला विचारते. शीर्षकाची जागा तोवर रिकामी ठेवली आहे.