मदत हवी आहे: पत्रकाराला पाठवायच्या मेलची पहिली ओळ जमत नाही

शाडूवाला
दोन वर्तमानपत्रांना मेल केली, उत्तर नाही. सुरुवात अशी होती: "गेली अनेक वर्षे दर्जेदार व पर्यावरणपूरक मूर्ती घडवणाऱ्या आमच्या कारखान्याची माहिती वाचकांपर्यंत पोहोचावी…" काय चुकलं? आजच परत पाठवायची आहे.

ओटीवरचा
कारखाना कुठे? मेल कोणाला केली? तुमच्या वाक्यात गाव नाही, दिवस नाही, काही घडतही नाही. "मूर्ती" काढून "अगरबत्ती" घातलं तरी चालेल.

शाडूवाला
पेण. पेपरात छापलेल्या पत्त्यावर केली. घडणार काय, नेहमीचंच. सोमवारी अमेरिकेचा कंटेनर भरायचा, सगळे त्यातच.

गजाभाऊ
जाहिरात विभागाला फोन करा, चौथाई पानाचा दर विचारा.

ओटीवरचा
गजाभाऊ, त्यांना बातमी हवीय, जाहिरात नव्हे. शाडूवाले, कंटेनर हीच बातमी! किती नग? सगळे शाडूचे?

शाडूवाला
४००, सगळे शाडूचे, फुटापर्यंतचे. शाडू जड, विमानभाडं परवडत नाही, म्हणून बोट. पूर्वी पीओपीच पाठवायचो, शाडू वाटेत तडकायची.

ओटीवरचा
मग असं लिहा: "गणपती १४ सप्टेंबरला, पण पेणच्या ४०० शाडूच्या मूर्ती या सोमवारीच अमेरिकेच्या बोटीवर चढतील."

बंदरकर
चूक. सोमवारी कंटेनर कारखान्यातून न्हावा शेवाला निघेल. कस्टम वगैरे आटोपून बोट नंतर. "सोमवारी पेणहून निघतील" लिहा, नाहीतर बातमीदार बंदरावर विचारेल आणि पहिल्याच ओळीला खोटे पडाल.

ओटीवरचा
मान्य. दुसऱ्या ओळीत शाडू तडकायची ती आता कशी टिकते ते. तिसऱ्यात सोमवारी किती ते किती भरणी चालेल, छायाचित्रकार येऊ शकतो का. मग फोन नंबर, बस. "पहिलाच कारखाना" लिहू नका, सिद्ध करावं लागतं. मेलच्या विषयातही "४०० शाडू गणपती" आधी घ्या, मोबाइलवर सुरुवातीचे चार-पाच शब्दच दिसतात.

खटपट्या
पन्नास जणांना एकदम पाठवा, कोणीतरी छापेलच.

ओटीवरचा
तीच बातमी शेजारच्या पेपरात दिसली की दोघेही पुन्हा तुमची मेल उघडणार नाहीत. आधी रायगडचा एकच बातमीदार, नाव घालून. उद्या दुपारपर्यंत उत्तर नसेल तर दुसरा. फोन सकाळी करा, संध्याकाळी पानं लागत असतात.

खटपट्या
सोमवार तोंडावर आलाय, एकेकाची वाट बघत बसायचं? स्थानिक साप्ताहिक तरी सोबत घ्याच.

डब्लिनकर
आयर्लंडला एक मूर्ती पाठवाल का?

शाडूवाला
गेल्या वर्षी किती फुटल्या हे विचारलं तर? आकडा बरा नाही.

बंदरकर
विचारणारच. आकडा सांगा आणि यंदा पॅकिंगमध्ये काय बदललं तेही. तो लपवलात तर ती जाहिरातच वाटेल.

गजाभाऊ
म्हणून तर म्हणालो, दर विचारा.