आपोआप विस्तार: क्वेरी सुधारते की भरकटते?

कानामात्रा: बातम्यांच्या संग्रहावर आरएम3 लावलं, म्हणजे पहिल्या निकालांतले शब्द आपोआप क्वेरीत जोडणारी पद्धत. पहिले 10 लेख, त्यांतून 10 शब्द, मूळ क्वेरीचं वजन 0.5. सरासरी अचूकता वाढली. पण 'पारा मासे' शोधलं (मला माशांत साठणारा पारा हवा होता), तर वर आल्या उन्हाच्या बातम्या! माझं मत: हे मुळात बंदच ठेवावं.

घाईघाई: एका क्वेरीसाठी सगळ्यांचा फायदा का सोडायचा? 10 ऐवजी 3 लेख घ्या, कचरा आपोआप कमी होईल.

जुनी_वही: तिन्ही उन्हाचेच निघाले तर? मग खरा एखादा लेख आत यायची शक्यताही गेली. कानामात्रा, जोडलेले शब्द आणि वजनं टाका बरं.

कानामात्रा: तापमान 0.10, अंश 0.07, उष्णता 0.06. शिवाय पारा 0.08, मासे 0.07. बाकीचे किरकोळ.

जुनी_वही: इथेच गोम आहे. मूळच्या 0.5 मधून 'मासे'ला 0.25 मिळतात आणि ही तीन उन्हाळी पिल्लं मिळून 0.23. त्यात 'पारा चढला' म्हणणाऱ्या बातमीत 'पारा' आहेच, म्हणजे मूळ क्वेरीचा अर्धा भागही तिच्याच पदरात. मूळ वजन 0.7 केलंत तरी 'पारा' दोन्हीकडे मतं देणारच. पहिल्या दहांत किती लेख धातूचे होते?

कानामात्रा: तीन. सहा समुद्र तापून मासे मेल्याचे, एक भलताच.

पाटीपेन्सिल: आमच्याकडे लोक ज्यावर क्लिक करतात तेच लेख घेतो, असा घोळ होत नाही.

जुनी_वही: तो खरा फीडबॅक झाला, तिथे माणूस निवडतो. इथे यंत्र पहिले दहा बरोबरच आहेत असं गृहीत धरतं. शोधयंत्रणा तपासणाऱ्या ट्रेक या स्पर्धेत 2003 ते 2005 दरम्यान अवघड क्वेरींसाठी रोबस्ट ट्रॅक होता, त्यात हीच दुखरी नस दिसली: विस्ताराने सरासरी वर जाते, पण आधीच कच्च्या असलेल्या क्वेरी सावरत नाहीत, काही तर आणखी बुडतात. घाईघाई, तुमची सरासरी हेच झाकते. क्वेरीगणिक फरक काढा.

घाईघाई: मान्य. पण मग निवडक ठिकाणी लावा ना. पहिले लेख एकाच विषयाचे दिसले तर विस्तार, विस्कळीत दिसले तर नाही. ही एकजूट मोजणारा क्लॅरिटी स्कोअर त्यासाठीच आहे.

जुनी_वही: बऱ्याचदा चालतं. पण इथे सहा लेख एकाच सुरात उन्हाचं गात आहेत, त्यामुळे स्कोअर चांगलाच येईल. एकजूट आहे, फक्त चुकीच्या विषयाची. मी दहा लेखांचे गट पाडून प्रत्येक गटाचा वेगळा विस्तार करून बघेन.

कानामात्रा: आणि त्यातला कुठला गट माझा, हे यंत्राला कोण सांगणार?

जुनी_वही: तिथे माझंही घोडं अडलंय.